लिफ्टच्या मेल ट्रेलचा गोषवारा मुळाशी ताडून पाहताना : कामाच्या नोंदी

सोमवार, २ जून २०२५

काम असं आहे. कोथरूडमधली आमची सोसायटी, तीन विंग, जुनी लिफ्ट काढून नवी बसवायची. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत कमिटी, कंत्राटदार आणि काही सभासद यांच्यात जी मेलामेली झाली ती सचिवांनी एका दणक्यात फॉरवर्ड केली, आणि ब-१०५ मधल्या ताईंनी त्यावरून दोन पानी मराठी गोषवारा लिहिला. १५ तारखेच्या विशेष सभेत तो सगळ्यांच्या हातात पडणार. त्याआधी तारखा, निर्णय आणि नावं मूळ मेलशी जुळतात का ते बघायचं काम माझ्याकडे आलं. छापखान्याची प्रुफं वाचण्यात माझी नोकरी गेली, म्हणून बहुधा.

या नोंदींत माणसांची नावं लिहीत नाही, फ्लॅटचे क्रमांक देतो. ज्यांना असंच काम करायचं असेल त्यांना माणसांशी कर्तव्य नाही, चुकांच्या जातींशी आहे.

आज फक्त गोषवारा वाचला. ट्रेल उघडला नाही, मुद्दामच. आधी ट्रेल वाचला की डोकं गोषवाऱ्यातल्या फटी आपोआप भरून घेतं. गोषवाऱ्याची रुंद समास सोडून प्रिंट काढली आणि ज्या ज्या वाक्यात तारीख, रक्कम, नाव किंवा ‘ठरलं’, ‘मान्य’, ‘मंजूर’ असा शब्द आहे त्याला पेन्सिलीने क्रमांक दिला. एका वाक्यात दोन दावे असतील तर क्रमांकही दोन. ‘१४ मार्च रोजी सचिवांनी होकार कळवला’ यात तारीख वेगळी तपासायची, कळवणारा वेगळा आणि तो होकारच होता का हे वेगळं.

सगळ्यांत वजनदार तीन वाक्यं ही :

‘कमिटीने एकमताने या कंपनीची निवड केली.’

‘१४ मार्च रोजी, म्हणजे मुदतीत होकार देऊनही कंत्राटदाराने दर वाढवले.’

‘३० मार्चच्या बैठकीत वाढीव दर मंजूर झाला.’

सभेत भांडण होणार ते यांच्यावरूनच. बाकीचं नंतर.

मंगळवार, ३ जून

ट्रेल उघडला. फोनवर वाचायला घेतला तर खाली `[Message clipped]` आणि `View entire message`. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मजकूर कापून दाखवतं. ट्रेलमध्ये सगळ्यांत जुने मेल तळाशी असतात, म्हणजे कापला जातो तो नेमका आरंभ. ताईंना विचारलं, त्यांनी फोनवरच वाचला होता. गोषवारा १ मार्चच्या कोटेशनपासून का सुरू होतो आणि १८ जानेवारीच्या पहिल्या मेलचा, ज्यात तीन कंपन्यांकडून दर मागवायचं ठरलं, त्यात पत्ताच का नाही, ते कळलं. लॅपटॉपवर पूर्ण उघडून पीडीएफ केली.

आता मोठी अडचण. फॉरवर्ड केलेला ट्रेल म्हणजे मूळ मेल नव्हेत. तो एकच मेल आहे, आणि आतले सगळे मेल त्यात साधा मजकूर म्हणून चिकटवलेले आहेत. मूळ मेलची खरी शीर्षकं गेली. उरली फक्त ‘अमुक तारखेला अमुक वाजता अमुक यांनी लिहिलं’ ही ओळ, आणि ती ओळ उत्तर देणाऱ्याच्या यंत्राने घातलेली असते. त्या ओळीवर भरवसा ठेवून तारखा तपासणं म्हणजे नकलेवरून नक्कल तपासणं.

म्हणून सचिवांना फोन. “काका, ट्रेल नको, एकेक मेल सुटा हवा. निवडा आणि `Forward as attachment` करा.”

“अहो, पाठवलंय ना सगळं एकत्र, त्यात काय कमी आहे?”

काय कमी आहे ते उद्या दाखवतो म्हटलं. खजिनदार आणि ब-४०२ यांनाही तेच सांगितलं, कारण एकाच माणसाच्या पेटीत सगळं असेलच असं नाही.

गुरुवार, ५ जून

सुटे मेल आले, `.eml` फायली. सगळ्या एका फोल्डरमध्ये टाकून ही आज्ञा चालवली :

```
grep -iE '^(Date|From|Message-ID|In-Reply-To):' *.eml
```

प्रत्येक मेलची खरी तारीख, पाठवणारा, त्याची ओळखखूण आणि तो कोणत्या मेलचं उत्तर आहे, एवढं एका खाली एक मिळतं. दोन ठिकाणी अडायला होईल. काही वेळा ओळखखूण पुढच्या ओळीवर सरकलेली असते, तिथे फाईल उघडून बघावी लागते. आणि नाव देवनागरीत असेल तर `=?UTF-8?B?` अशी सुरुवात होऊन पुढे अक्षरांचा भुसा दिसतो. फाईल बिघडलेली नाही, नाव गुंडाळून ठेवलेलं आहे एवढंच. ज्याला आज्ञा-बिज्ञा नको त्याने जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांवर जाऊन `Show original` उघडावं. तीच माहिती, फक्त एकेक करून.

यावरून वहीत तक्ता केला. दाव्याचा क्रमांक, कोणता मेल, कोणी, भारतीय वेळेप्रमाणे केव्हा, आणि मेलमधले नेमके शब्द. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तिथे स्वतःच्या भाषेत सारांश लिहायचा नाही, मेलमधलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं.

शुक्रवार, ६ जून

आजचा दिवस १४ मार्चमध्ये गेला.

कोटेशन १ मार्चचं. दर १० लाख, वर जीएसटी, वैधता १४ मार्चपर्यंत. ट्रेलमध्ये सचिवांच्या होकाराच्या मेलवर ही ओळ आहे :

`On Fri, Mar 14, 2025 at 2:40 PM`

ताईंनी ती घेतली. वरवर बघता बिनचूक. शुक्रवार, १४ मार्च, दुपार, मुदत संपायच्या आत. पण १४ मार्चला धुळवड होती, आणि आमचे सचिव धुळवडीच्या दुपारी पावणेतीनला मेल लिहीत बसतील हे मला पटेना. हा काही पुरावा नव्हे, पण सुटा मेल काढून बघायला तेवढं पुरलं :

```
Date: Sat, 15 Mar 2025 00:10:32 +0530
```

झालं होतं असं की ट्रेल मध्येच क-२०१ च्या मालकाच्या उत्तरातून गेला होता, आणि तो असतो न्यू जर्सीत. त्याच्या यंत्राने सचिवांच्या मेलची वेळ स्वतःच्या घड्याळाप्रमाणे लिहिली. तिथले १४ तारखेचे दुपारचे २.४० म्हणजे आपल्याकडचे मध्यरात्रीनंतरचे १२.१०. तारीख बदलली, वार बदलला आणि कोटेशनची मुदत दहा मिनिटांनी उलटली.

त्या दहा मिनिटांची किंमत अशी. १७ मार्चच्या मेलमध्ये कंत्राटदाराने मुदत संपल्याचं सांगून दर १० लाख ४५ हजार केला. फरक ४५ हजार, १८ टक्के जीएसटी धरून ५३,१००. गोषवाऱ्यातल्या वाक्याप्रमाणे कंत्राटदाराने दगा दिला. मूळ मेलप्रमाणे होकार मुदतीनंतर गेला. दहा मिनिटांवरून दर वाढवणं शोभतं का, हा सभेने विचारायचा प्रश्न. गोषवाऱ्याने त्यात पडू नये.

सचिवांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मी झोपायच्या आधी पाठवला, माझ्या दृष्टीने ती चौदा तारीखच.” खरं आहे त्यांचं. तरी लिहायचं १५ मार्च, रात्री १२.१०.

इथे एक सोपी युक्ती सुचते आणि ती फसवी आहे. न्यू जर्सीच्या सगळ्या वेळांत साडेनऊ तास मिळवले की काम झालं, असं वाटतं. पण २०२५ मध्ये तिथली घड्याळं ९ मार्चला एक तास पुढे गेली. त्याआधी फरक साडेदहा तासांचा होता. आमच्याच ट्रेलमध्ये सचिवांच्या प्रश्नांच्या मेलवर ‘५ मार्च, दुपारी १.४५’ असं आहे. साडेनऊ मिळवले तर ५ मार्चचे रात्री ११.१५ येतात, साडेदहा मिळवले तर ६ मार्चचे १२.१५. सुट्या मेलमध्ये ६ मार्च आहे. म्हणून हिशेब करत बसू नये, शीर्षकातली तारीख आणि शेवटचा `+0530` किंवा `-0400` बघावा.

‘Mar 14’ असा महिना आधी दिसला म्हणजे लिहिणारा अमेरिकेत, असंही धरू नका. ती भाषेची सेटिंग असते, पुण्यातल्या कितीतरी जणांचं जीमेल तसंच दाखवतं.

शनिवार, ७ जून

‘एकमताने’.

कमिटी सात जणांची. निवडीबद्दलचे सगळे मेल काढून शब्द उतरवले. चौघांचा स्वच्छ होकार. एकाने ‘ओके, नोटेड’ एवढंच लिहिलंय. एकाने लिहिलंय, ‘पहिली दोन वर्षं देखभाल मोफत असेल तर माझी हरकत नाही.’ सातव्याचा मेलच नाही.

‘नोटेड’ म्हणजे वाचलं. होकार नव्हे, नकारही नव्हे. सातवा गप्प, तो गप्पच. पण अट घातलेल्या सभासदाकडे गोषवाऱ्यात ‘होकार’ कसा लागला? कारण गोषवाऱ्यात आणखी एक वाक्य आहे : ‘दोन वर्षं मोफत देखभाल कंत्राटदाराने मान्य केली.’ अट पुरी झाली, म्हणजे होकार. तर्क चोख आहे, फक्त पायाच चुकीचा.

सचिवांनी प्रश्न विचारले होते आणि कंत्राटदाराने ७ मार्चला त्याच मेलमध्ये, प्रश्नांच्या मागे, लाल अक्षरांत उत्तरं लिहिली होती. वर एक ओळ : ‘उत्तरं खाली लाल रंगात.’ पुढे कोणीतरी तो मेल साध्या मजकुरात फॉरवर्ड केला आणि रंग उडाला. ट्रेलमध्ये उरलं ते असं : ‘दोन वर्षं मोफत देखभाल मिळेल ना पहिलं वर्ष होय’. हे वाचून ताईंनी ‘होय’ धरलं. कोणीही धरलं असतं. सुट्या मेलमध्ये लाल रंग आहे, आणि लाल आहे ते फक्त ‘पहिलं वर्ष होय’. म्हणजे एकच वर्ष.

‘लाल रंगात’, ‘खाली इनलाइन’, ‘तुमच्याच मेलमध्ये उत्तरं दिली आहेत’, असलं काहीही ट्रेलमध्ये दिसलं तर तो मेल सुटा मागवल्याशिवाय त्यातलं एकही उत्तर खरं धरू नये. या एका मेलने दोन दावे पाडले.

दुरुस्त मजकूर : ‘सातपैकी चौघांनी मेलवर होकार दिला. एकाने दोन वर्षं मोफत देखभालीच्या अटीवर हरकत नसल्याचं कळवलं. कंत्राटदाराने एक वर्ष मान्य केलं. एकाने मेल वाचल्याची पोच दिली. एकाचं उत्तर आढळलं नाही.’ लांबलं खरं, पण चौघं म्हणजे बहुमत होतंच, निवडीला यामुळे धक्का नाही. ‘आढळलं नाही’ असंच लिहिलं, ‘दिलं नाही’ असं नाही. मला मिळालेल्या पेट्यांत नाही एवढंच मला ठाऊक.

रविवार, ८ जून

नावं. गोषवाऱ्यातली कमिटी सदस्यांची नावं मोजली तर आठ भरली. कमिटी सातांची.

आठवं नाव एका बाईंचं. अ-३०४ च्या सदस्यांची जीमेलची जागा भरून मेल अडले होते, म्हणून त्यांनी काही दिवस बायकोच्या खात्यावरून लिहिलं. वर नाव बायकोचं, तळाला सही नवऱ्याची. अट घालणारा मेल यांचाच. ताईंनी वरचं नाव घेतलं, आणि सभेत एका बिगर-सदस्य बाईंच्या नावावर अट लागली असती. त्या स्वतः सभेला येणार आहेत, तेव्हा पुढचा प्रसंग नकोच.

शिवाय एकाच आडनावाचे दोघे आहेत, अ आणि क विंगमध्ये. ट्रेलमध्ये लोक नुसतं आडनाव आणि ‘जी’ लिहितात. कोण ते मेलच्या पत्त्यावरून ठरवलं. जिथे तिसऱ्याच माणसाने ‘त्यांच्याशी बोललो’ असं लिहिलंय तिथे पत्ताही नाही, म्हणून लिहिणाऱ्याला फोन करून विचारलं. गोषवाऱ्यात आता प्रत्येक नावापुढे फ्लॅट क्रमांक.

मंगळवार, १० जून

तिसरं वाक्य, ‘३० मार्चच्या बैठकीत वाढीव दर मंजूर’. हे सुटायला सगळ्यांत वेळ लागला.

ट्रेलमध्ये सोमवार २४ मार्चचा सचिवांचा मेल आहे, ‘वाढीव दराबद्दल येत्या रविवारी बसू.’ मग १४ एप्रिलचा मेल, ‘बैठकीत ठरल्याप्रमाणे वाढीव दराला मान्यता.’ मध्ये दुसऱ्या तारखेचा उल्लेख नाही. २४ नंतरचा रविवार ३० मार्च, म्हणून ताईंनी ३० लिहिलं. कॅलेंडर उघडलं तर ३० मार्चला गुढीपाडवा. पुण्यात पाडव्याच्या सकाळी लिफ्टच्या दरावर कमिटी बसली असं कोणी सांगितलं तर पुरावा मागावा.

`In-Reply-To` च्या ओळी बघितल्या. २४ मार्चच्या त्या मेलला दोन उत्तरं गेली होती. एक खजिनदारांचं, हप्त्यांबद्दल. पुढचं संभाषण त्याच्यावरून चालू राहिलं आणि फॉरवर्ड झाली ती ही फांदी. दुसरं उत्तर ब-४०२ चं, ‘रविवारी पाडवा आहे.’ त्याखाली वेगळीच फांदी वाढली आणि ती फॉरवर्ड झालेल्या ट्रेलमध्ये अजिबात नाही. फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये फक्त त्याच्या पूर्वजांची ओळ येते, चुलत भावंडं येत नाहीत.

ब-४०२ कडून आलेल्या फायलींत ती फांदी मिळाली. पाडवा नको, ६ एप्रिलला बसू. ६ एप्रिलला रामनवमी. मग शनिवार १२ एप्रिल सुचवला गेला, तर त्या दिवशी हनुमान जयंती आणि दोघांच्या घरी पूजा. शेवटी रविवार १३ एप्रिल, सकाळी दहा, क्लब हाऊस. १४ तारखेचा मान्यतेचा मेल दुसऱ्याच दिवशीचा, तेव्हा बसतं.

याच फांदीत न्यू जर्सीकराचाही एक मेल आहे. ‘शनिवारी 4/5 ला पोहोचतो, त्यानंतर घ्या.’ गोषवाऱ्यात दुसऱ्या एका ठिकाणी, त्याच्याच नंतरच्या मेलवरून, तो ४ मे रोजी आल्याचं लिहिलंय. ४ मे २०२५ हा रविवार होता, ५ एप्रिल शनिवार. वार लिहिला होता म्हणून वाचलो. वार नसता तर त्यालाच विचारावं लागलं असतं, कारण 4/5 हा आकडा दोन्हीकडे तितकाच शहाणा दिसतो. गोषवाऱ्यात तिरप्या रेघेची एकही तारीख ठेवली नाही, महिना अक्षरी.

आणि ‘येत्या रविवारी’, ‘उद्या’, ‘पुढच्या आठवड्यात’ असे शब्द दिसले की ते ज्या मेलमध्ये आहेत त्याच्या तारखेपासून मोजायचे, ट्रेलच्या वरच्या तारखेपासून नव्हे. मोजून आलेली तारीख ही ठरवलेली तारीख झाली. बैठक झाली का, हे नंतरच्या मेलमधूनच कळतं. तक्त्यात मी ‘ठरली’ आणि ‘झाली’ असे दोन वेगळे रकाने केले. आधी एकच होता.

बुधवार, ११ जून

किरकोळ. दोन ठिकाणी रक्कम जीएसटी धरून, एका ठिकाणी न धरता होती. सगळीकडे ‘अधिक जीएसटी’ केलं आणि एकदाच कंसात पूर्ण आकडा दिला. एक जोडपत्राचं नाव चुकलेलं.

एक दावा लटकला. ‘जुन्या लिफ्टचं भंगार कंत्राटदार नेईल व त्याचे पैसे वजा करेल.’ मेलमध्ये आहे फक्त ‘फोनवर बोलल्याप्रमाणे भंगाराचं आपण बघून घेऊ.’ आपण म्हणजे कोण? सचिवांना विचारलं. त्यांचं म्हणणं, वजा करायचं ठरलंय. असेलही. गोषवारा मेलचा आहे, फोनचा नाही. तिथे लिहिलं : ‘भंगाराबाबत फोनवर बोलणं झाल्याचा उल्लेख ११ एप्रिलच्या मेलमध्ये आहे. रकमेबद्दल लेखी काही आढळलं नाही.’ सचिव थोडे नाराज झाले, पण कंत्राटदाराकडून हे लेखी मागवतो म्हणाले.

गुरुवार, १२ जून

ताईंबरोबर बसून अंतिम वाचन. पद्धत छापखान्यातलीच. एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवायचं. मूळ म्हणजे तक्त्यातले शब्द. आकडे अंक-अंक सुटे वाचले, ‘एक शून्य चार पाच’ असे, नाहीतर कान ‘साडेदहा लाख’ ऐकतो. ताई सुरुवातीला जरा खट्टू होत्या. मग लाल रंगाचा मेल त्यांना दाखवला तेव्हा म्हणाल्या, “हे मला कसं दिसणार होतं?” नव्हतंच दिसणार. फॉरवर्ड केलेल्या ट्रेलवरून गोषवारा लिहायला सांगणं हीच गफलत होती.

प्रत्येक दाव्यामागे चौकटी कंसात मेलचा क्रमांक घातला, आणि तेवढे मेल छापून शेवटी जोडले. प्रिंटांचा खर्च सोसायटीच्या खात्यावर. दोन पानांची अडीच झाली.

शुक्रवार, १३ जून

प्रती घरोघरी गेल्या. दुपारी अ-३०४ चे सदस्य भेटले, अट आपल्या नावावर लागल्याबद्दल समाधानी. जो सातवा सदस्य गप्प होता त्याचा संध्याकाळी मेल आला की आपण मार्चमध्येच होकार कळवला होता. मागितला तर म्हणाला, व्हॉट्सअॅपवर. त्याला म्हटलं, स्क्रीनशॉट रविवारच्या आत पाठव, तारखेसकट. अजून आलेला नाही. त्या ओळीत ‘मेलवर उत्तर आढळलं नाही’ एवढाच बदल करून ठेवलाय.